शहामृग आणि कॉफीचं झाड: 'म्ब' एक की दोन?

"स्वाहिलीतलं 'म्ब' म्हणजे म् अधिक ब, आपल्या 'आंबा'सारखंच जोडाक्षर ना?"

नाही, निदान प्रत्येक ठिकाणी तरी नाही. 'आंबा' म्हणताना आपण आम्-बा असा तोडतो, म् आधीच्या अक्षराला चिकटतो. स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेतली, बांटू कुळातली भाषा. तिच्यात 'म्बुनी' म्हणजे शहामृग. टाळी देत म्हणा: म्बु-नी, दोनच ठोके. ओठ एकदाच मिटतात, हवा आधी क्षणभर नाकातून जाते आणि मग 'बु' फुटतो. सगळा मिळून एकच व्यंजन.

पण कॉफीच्या झाडालाही 'म्बुनी'च म्हणतात, रोमन स्पेलिंगही तेच. तिथे मात्र ठोके तीन: म्-बु-नी. हा म् स्वतंत्र उपसर्ग आहे. खात्री करायची तर अनेकवचन पाहा. झाडं 'मिबुनी' होतात, म्हणजे म् सुटून निघाला. शहामृगं 'म्बुनी'च राहतात.

म्हणून 'बांटू भाषांत म्ब, न्द नेहमी एकच ध्वनी' हा उलटा दावाही मला तितकाच चुकीचा वाटतो. एकसंध ध्वनीसुद्धा मुळात दोन तुकड्यांचा असू शकतो: 'उलिमी' म्हणजे जीभ, अनेकवचन 'न्दिमी'. न् आला आणि ल चा द झाला. युगांडातल्या लुगांडा भाषेत तर अशा जोडीच्या आधीचा स्वर लांबतो. 'ओमुन्टु' (माणूस) मधला 'मु' दीर्घ ऐकू येतो. अनेक अभ्यासक याचा अर्थ असा लावतात की नाकातून येणाऱ्या न् ची स्वतःची मात्रा, म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ, होती, ती त्याने मागच्या स्वराला दिली. कान एकच व्यंजन ऐकतो, पण त्या मात्रेचा हिशेब स्वरात उरलेला असतो.