क्यूआर कोड न वाचला जाणे (चकाकी, लहान आकार आणि अपुरा प्रकाश)

मोबाइलचा कॅमेरा क्यूआर कोडवर धरूनही त्यातील मजकूर न उलगडणे, हा अनुभव गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून जत्रेतील खाज्यांच्या दुकानांपर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी दोष सहसा नेटवर्कला दिला जातो. प्रत्यक्षात कोड वाचण्याचे काम फोनच्या आतच होते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. नेटवर्कची गरज त्यानंतर, दुकानदाराचे नाव पडताळताना आणि पैसे पाठवताना, पडते. त्यामुळे कोड ओळखला जाण्याआधी, कॅमेऱ्याच्या दृश्यावरच गाडी अडली असेल, तर कारण बहुधा कागद, प्रकाश आणि भिंग यांच्यातच शोधावे लागते.

क्यूआर कोड जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये, मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी तयार केला. बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरे अशी त्याची रचना असते. सर्वांत लहान कोडात प्रत्येक बाजूला २१ घरे असतात आणि मजकूर वाढला की ती चार-चारने वाढत १७७ पर्यंत जातात. upi://pay ने सुरू होणारा, ऐंशीएक अक्षरांचा देयकाचा पत्ता मध्यम दुरुस्ती-पातळीवर, म्हणजे थोडी माहिती बिघडली तरी सावरता येईल अशा बेताने, ३७ × ३७ घरांच्या कोडात मावतो. वाचक प्रणालीला प्रत्येक घराबद्दल एकच निर्णय घ्यायचा असतो : हे घर काळे की पांढरे? चकाकी, लहान आकार आणि अंधार हे तिन्ही अडथळे वेगवेगळ्या वाटांनी हाच निर्णय बिघडवतात.

यांपैकी चकाकीचा अडथळा सर्वांत फसवा आहे, कारण डोळ्याला कोड स्वच्छ दिसत असतो. जत्रेच्या फेरीतील एक दुकान घेऊ. खाज्यांच्या ढिगाशेजारी फळीवर लॅमिनेट केलेला कोड आडवा ठेवलेला आहे, विकणाऱ्याच्या बाजूला डोक्यावर उघडा एलईडी बल्ब लोंबतो आहे आणि गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे उभे आहे. प्लास्टिकचा गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा वागतो. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात पलीकडे परततो, म्हणजे नेमका गिऱ्हाइकाच्या फोनकडे. कोड ६ सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याच्या कोपऱ्यातील मोठा चौकोन सात घरांचा, म्हणजे साधारण ११ मिलिमीटरचा असतो, आणि बल्बचा नखाएवढा डाग तो सहज झाकतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्यूआर कोड फाटला किंवा डागाळला तरी चालतो असे म्हटले जाते, आणि ते खरेही आहे : त्यात रीड-सॉलोमन पद्धतीने जादा माहिती भरलेली असते आणि चार पातळ्यांनुसार सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के माहिती नष्ट झाली तरी ती परत उभी करता येते. नखाएवढा डाग या कोडाचे जेमतेम ३ टक्के क्षेत्र व्यापतो. तो मध्यभागी पडला तर कोड बहुधा विनातक्रार वाचला जाईल, पण कोपऱ्यात पडला तर अडेल. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन मजकुराचा भाग नसतात, म्हणून दुरुस्तीचे कवच त्यांना लाभत नाही. काळे-पांढरे पट्टे १:१:३:१:१ या प्रमाणात आढळले की वाचक प्रणाली ‘येथे कोड आहे’ हे ओळखते. एक चौकोन हरवला की बहुतेक प्रणालींना कोड सापडतच नाही, मग दुरुस्ती कशाची करणार?

यावर लोक हातातला फोन जागच्या जागी तिरका करतात. त्याने काही साधत नाही. प्रतिबिंब कोडावर कोठे पडेल हे भिंगाच्या जागेवर अवलंबून असते, फोन कोणत्या दिशेला वळलेला आहे यावर नाही. फोन बाजूला न्यावा लागतो, किंवा त्याहून सोपे म्हणजे कोडाचे कार्ड कलते करावे. कार्ड १५ अंशांनी कलले की परतणारा किरण ३० अंशांनी वळतो. वरील दुकानात कार्डाची विकणाऱ्याकडील कड खाज्यांच्या पुडीवर टेकवून थोडी उचलली, तर बल्बचा झोत फोनच्या खालून निघून जातो. फोन बाजूला नेल्याने कोड तिरपा दिसतो खरा, पण ३० अंशांच्या तिरकसपणात रुंदी केवळ १३ टक्क्यांनी घटते आणि तेवढे प्रणाली सावरून घेते. फोनचा टॉर्च मात्र येथे घातक ठरतो, कारण तो भिंगाला लागूनच असतो आणि समोरून धरल्यास त्याचा उजेड सरळ भिंगातच परततो.

लहान कोडाची अडचण निराळी आहे. काजूच्या पाकिटावर ११ मिलिमीटरचा स्टिकर असून त्यात तीच ३७ घरे बसवलेली असतील, तर एक घर ०.३ मिलिमीटरचे होते. फोनचा मुख्य कॅमेरा २० सेंटिमीटरवरून अंदाजे २८ सेंटिमीटर रुंदीचे दृश्य पाहतो. वाचनासाठी घेतलेली चौकट १९२० बिंदू, म्हणजेच पिक्सेल, रुंद धरली, तर एका मिलिमीटरला सुमारे सात बिंदू आणि एका घराला जेमतेम दोन बिंदू मिळतात. एवढ्यावर हात किंचित हलला तरी शेजारची घरे एकमेकांत मिसळतात. मग माणूस स्वाभाविकपणे फोन जवळ नेतो आणि तेथेच चुकतो : मोठा सेन्सर असलेल्या अनेक फोनांचा मुख्य कॅमेरा १५-२० सेंटिमीटरच्या आत नीट फोकस करू शकत नाही. घरे मोठी दिसू लागतात, पण त्यांच्या कडा पसरतात. अशा वेळी फोन मागे घेऊन कॅमेरा दुप्पट झूम करावा. सेन्सरवर मुळात जास्त बिंदू असल्यामुळे झूमने खरा तपशील वाढतो आणि प्रत्येक घराला चार बिंदू मिळतात.

अंधारात कॅमेरा प्रकाश गोळा करण्यासाठी झडप जास्त वेळ उघडी ठेवतो, त्या वेळात हात हलतो आणि चित्र फरफटते. कोपर टेकवून धरणे किंवा, कागद चकचकीत नसेल तर, टॉर्च लावणे हे उपाय पुरतात. समुद्रकाठच्या शॅकमध्ये याचे उलटे रूप दिसते. कोड सावलीत आणि मागे झगझगीत पाणी असले की कॅमेरा पाण्याप्रमाणे उजेड बेततो आणि कोड काळवंडतो. पडद्यावर कोडावरच बोट टेकवले की मोजमाप बदलते.

कोणता दोष आहे हे पडद्यावरच ओळखता येते. फोन सरकवल्यावर पांढरा डाग कोडावरून सरकत असेल तर ती चकाकी होय, आणि घरांऐवजी करडा ठिपका दिसत असेल तर अंतर किंवा फोकस चुकला आहे. पावसाळ्यात लॅमिनेशनची कड सुटून आत पाणी शिरते व शाई पसरते. तो डाग फोन कसाही हलवला तरी जागचा हलत नाही, आणि तेव्हा कोड नवा छापून घ्यावा लागतो.