छातीदुखी : प्रकरणाधारित गट-अध्ययन (परिचर्या शिक्षण)

परिचर्या शिक्षणातील एक अध्ययनप्रकार. सहा ते आठ विद्यार्थी छातीत दुखणाऱ्या एका रुग्णाची माहिती टप्प्याटप्प्याने वाचतात आणि प्रत्येक टप्प्यावर काय करायचे ते ठरवतात. चर्चा प्राध्यापक नव्हे, तर अंतिम वर्षातील एक विद्यार्थी चालवतो. त्याला येथे सहशिक्षक म्हटले आहे.

या प्रकाराची दोन मुळे वेगवेगळी आहेत. वैद्यकात प्रकरणावरून शिकवण्याचा आरंभ सामान्यतः एडिंबरोचे विकृतिशास्त्रज्ञ जेम्स लोरेन स्मिथ यांच्या १९१२ च्या सुमाराच्या अध्यापनापाशी नेला जातो. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याचे मूळ मात्र वादाचे आहे. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतले आणि १७९७ मध्ये त्याचा वृत्तांत छापला. वाळूत अक्षरे गिरवण्याची रीत त्यांनी मलबारी शाळेत पाहिली, हे ते स्वतःच सांगतात. त्यावरून सारी पद्धतच देशी शाळांतून उचलली, असे काही अभ्यासक मानतात. गिरवण्याची रीत देशी आणि तिच्याभोवतीची शिस्तबद्ध व्यवस्था बेल यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मुंबईत १८२० च्या दशकात नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळांतही ही पद्धत आली.

छातीदुखीच्या प्रकरणात विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याचा एक दोष ठळकपणे दिसतो. वरच्या वर्गाला जे पाठ असते तेच खालच्या वर्गाकडे जाते, जुन्या चुकाही जातात. ‘मोना’ हे त्याचे ठळक उदाहरण. मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रेट, अ‍ॅस्पिरिन ही चार आद्याक्षरे हृदयविकाराच्या प्रत्येक रुग्णाला लागू असल्यासारखी घोकली जातात. म्हणून प्रकरणच असे रचावे लागते की रुग्णाची स्थितीच या पाठांतराला अडवेल.

मुंबईसाठी रचलेले एक प्रकरण असे. पहिल्या कागदावर फक्त तक्रार असते : ५४ वर्षांचे गृहस्थ, दादर स्थानकाचा जिना चढताना छातीत भरून आले, घाम फुटला. ‘सिस्टर, गॅस झालाय, सोडा पिऊन आलोय’ असे ते कॅज्युअल्टीत सांगतात. निदानाचा शब्द या कागदावर नसावा, नाहीतर विचार तिथेच थांबतो. येथे गटाने ठरवायचे असते ते एवढेच की गॅस म्हटले तरी दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे. दुसऱ्या कागदावर मोजमापे येतात : नाडी ५४, रक्तदाब ९६/६० (एरवीचा १४०/९०), ऑक्सिजन संपृक्तता ९६ टक्के, मानेच्या शिरा फुगलेल्या, फुप्फुसे स्वच्छ. तिसऱ्यावर ईसीजी असतो. त्यात दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी उचललेला असतो.

येथे गट बहुधा ऑक्सिजन आणि जिभेखालची नायट्रेट गोळी सुचवतो. सहशिक्षकाने ‘चूक’ म्हणू नये, दुसरा कागद पुन्हा वाचायला लावावा. संपृक्तता ९० टक्क्यांच्या खाली नसताना ऑक्सिजनचा लाभ दिसलेला नाही. नायट्रेटचा धोका अधिक गंभीर आहे. या ईसीजीत दिसतो तशा हृदयाच्या खालच्या भिंतीच्या विकारात उजवा कप्पाही निकामी झालेला असू शकतो, आणि मग डाव्या कप्प्याला मिळणारे रक्त शिरांतून किती परत येते यावरच अवलंबून असते. नायट्रेटने शिरा सैलावतात, ते रक्त घटते आणि आधीच उतरलेला दाब कोसळतो. म्हणून गोळीआधी छातीच्या उजव्या बाजूला व्ही४आर लीड लावून पाहायची असते. मॉर्फिनही दाब उतरवते, तेव्हा तेही येथे सरसकट देता येत नाही. चारांपैकी निर्विवाद उरते ते अ‍ॅस्पिरिन : अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नाही हे विचारून, डॉक्टरांच्या आदेशाने, ३०० मिलिग्रॅम चावून.

एका गटाला साधारण दीड तास लागतो. सकाळची ड्यूटी संपल्यावर दुपारी बसणे सोयीचे पडते. आदल्या दिवशी प्राध्यापक सहशिक्षकाकडून तासभर तालीम करून घेतात. तिच्यात उत्तरांपेक्षा प्रश्न विचारायचा आणि थांबायचा सराव महत्त्वाचा. सहशिक्षक सलग दोन-तीन मिनिटे बोलत राहिला आणि इतर वहीत उतरवू लागले, की चर्चेचे व्याख्यान झाले असे समजावे. अशा वेळी प्राध्यापकाने मध्ये पडून पुढचा कागद उघडायला सांगावा. शेवटची दहा मिनिटे मात्र प्राध्यापकाचीच असतात. गटाने एकमताने स्वीकारलेली चूक इतर कोणी दुरुस्त करत नाही.

ईसीजीचा भाग प्रत्यक्ष हाताने करावा लागतो. व्ही१ आणि व्ही२ चौथ्या बरगडीमधल्या जागेत, उरोस्थीच्या उजव्या-डाव्या कडेला लागतात, पण विद्यार्थी त्या हमखास वर लावतात, कारण गळपट्टीच्या हाडाखालची पोकळी ते पहिली जागा म्हणून मोजतात. उरोस्थीवर बोट खाली सरकवत आडवा उंचवटा शोधावा. त्याला लागून दुसरी बरगडी असते आणि तिच्याखाली दुसरी जागा. तिथून दोन जागा उतरले की चौथी मिळते.