तंतोतंत जुळणारी सही

वर्ध्याच्या एका कुटुंबाने काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन वस्तू तपासायला दिल्या होत्या. एक होते गांधीजींचे छायाचित्र, ज्याच्या खालच्या कोपऱ्यात इंग्रजीत ‘एम. के. गांधी’ अशी सही होती. दुसरे होते एक टंकलिखित पत्र, ज्याच्या शेवटी तशीच सही निळ्या-काळ्या शाईत केलेली होती. छायाचित्र आजोबांच्या काळापासून घरात होते, तर पत्र मागाहून विकत घेतलेले होते. दोन्ही सह्या एकमेकींशी अगदी जुळतात, म्हणून दोन्ही खऱ्याच असणार, असे घरच्यांना वाटत होते. गांधीजी हरिजन निधीसाठी पाच रुपये घेऊन सही देत असत, त्यामुळे त्यांची सही असलेले छायाचित्र एखाद्या सामान्य घरात सापडावे यात अशक्य काहीच नव्हते.

अशा वेळी सह्यांची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती शेवटी करायची असते. आधी पाहायचे ते हे की, कागदावर दिसणारी रेघ शाईची आहे का. छायाचित्र खिडकीजवळ तिरपे धरले आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले, तेव्हा उत्तर लगेच मिळाले. चकचकीत छायाचित्रावर जिलेटिनचा थर असतो. त्यावर पेनने सही केली की शाई त्या थरावर बसते किंवा थोडी आत मुरते, आणि कोणत्याही परिस्थितीत रेघेच्या जागी पृष्ठभागाची चमक बदलते. या छायाचित्रात चमक कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सलग होती. सहीच्या रेघेवरून प्रकाश फिरवला तरी ती कुठे तुटत नव्हती. रेघेचा रंगही शाईचा नव्हता. चेहऱ्यावरच्या सावलीत जे करडे कण होते, तेच कण सहीतही होते. म्हणजे मूळ सही दुसऱ्याच एका प्रतीवर केलेली होती, त्या प्रतीचे पुन्हा छायाचित्र घेतले गेले, आणि त्या निगेटिव्हवरून काढलेल्या प्रतींपैकी ही एक होती.

अतिनील दिव्याखाली कागदाची मागची बाजू निळसर पांढरी उजळली, त्यामुळे याला आणखी दुजोरा मिळाला. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी चकाकी देणारी रसायने १९५० च्या दशकापासून सर्रास वापरात आली. गांधीजींचे निधन ३० जानेवारी १९४८ रोजी झाले. मात्र ही कसोटी एकाच दिशेने काम करते, हे लक्षात ठेवायला हवे. कागद उजळला तर तो बहुधा नंतरचा ठरतो, पण उजळला नाही म्हणून तो जुना ठरत नाही, कारण अशी रसायने नसलेला कागद पुढेही बनत राहिला.

छायाचित्रातल्या सहीचे वळण मात्र अस्सल होते. वस्तू अस्सल नसली तरी तिच्यावर दिसणारे हस्ताक्षर खऱ्या माणसाचे असू शकते. तुलनेपासून सुरुवात करणारा माणूस नेमका इथेच फसतो.

आता पत्राकडे वळू. इथे शाई खरी होती आणि ती जुन्या पद्धतीची निळी-काळी होती. या शाईत लोहाचे क्षार असतात. लिहिताना दिसणारा निळा रंग तिच्यात मिसळलेल्या रंगद्रव्याचा असतो, आणि हवेतल्या ऑक्सिजनने लोहाचे संयुग काही दिवसांत काळे पडते. दशके उलटली की तिला तपकिरी छटा येऊ लागते. पण जुन्या धाटणीची शाई आजही बाटलीत मिळते, म्हणून केवळ शाईच्या प्रकारावरून सहीचे वय ठरत नाही. या पत्रात अधिक बोलकी ठरली ती घडी. पत्र मधोमध दुमडलेले होते आणि सहीतल्या ‘जी’ची शेपटी त्या घडीवरून गेली होती. कागद दुमडला की घडीपाशी त्याचे तंतू तुटतात आणि मोकळे होतात. घडी पडल्यानंतर तिथे शाई लावली, तर ती त्या तंतूंमधून दोन्ही बाजूंना पसरते. आधी सही आणि मग घडी असा क्रम असेल, तर वाळलेली रेघ घडीपाशी फक्त तडकते. इथे शाई पसरलेली होती. पत्र लिहून, सही करून, मग घडी घालून पाठवायचे, हा नेहमीचा क्रम इथे उलटा झालेला होता.

त्यानंतर दाब पाहिला. निबच्या पेनाने वेगाने सही करताना उतरत्या फराट्यात निबची दोन टोके फाकतात, रेघ रुंद होते आणि तिच्या दोन्ही कडांना गडद पट्टी दिसते. चढत्या फराट्यात हात हलका पडतो आणि रेघ बारीक होते. शेवटचा फराटा हात उचलता उचलता निमुळता होत विरतो. पत्रावरच्या सहीत सगळ्या रेघा जवळजवळ एकाच जाडीच्या होत्या, शेवट बोथट होते आणि वळणांवर बारीक थरथर होती. थरथर तर वार्धक्यातही असते, पण म्हाताऱ्या हाताची थरथर बेफिकीर असते आणि ती लिहिण्याचा ओघ अडवत नाही. गिरवणाऱ्याची थरथर नेमकी अवघड वळणावर येते, कारण तिथे तो थांबून मूळ रेघ पाहत असतो. अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिले, तेव्हा शाई फिकी पडली आणि तिच्याखाली शिसपेन्सिलीची एक पुसट रेघ दिसू लागली. लोहाची शाई या प्रकाशात फिकी होत जाते, पेन्सिलीतला कार्बन मात्र काळाच राहतो.

छायाचित्रावरची आणि पत्रावरची सही पारदर्शक कागदावर उतरवून एकमेकींवर ठेवल्यावर त्या पूर्णपणे एकरूप झाल्या. त्या निगेटिव्हच्या अनेक प्रती बाजारात फिरत असणार, आणि त्यांतल्या कोणत्या तरी प्रतीवरून ही सही गिरवली गेली असणार. घरच्यांना जे साम्य पुरावा वाटत होते, तेच बनावटीची खूण निघाले.

याचे कारण एका जुन्या खटल्यात आकड्यांनी मांडले गेले आहे. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड इथे सिल्व्हिया अॅन हाउलंड १८६५ मध्ये वारल्या. त्यांच्या भाचीने मृत्युपत्राबरोबर एक जादा पान पुढे केले, आणि त्यावरची सही मृत्युपत्रावरच्या सहीशी तंतोतंत जुळत होती. हार्वर्डचे गणितज्ञ बेंजामिन पर्स आणि त्यांचे पुत्र चार्ल्स यांनी हाउलंडबाईंच्या ४२ सह्या घेतल्या. त्यांच्या ८६१ जोड्या होतात, आणि प्रत्येक सहीत ३० उतरते फराटे होते. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या की सरासरीने पाचातला एकच फराटा जुळत होता. वादातल्या सह्यांत मात्र तीसही जुळत होते. त्यावरून पर्स यांनी असा योगायोग जवळपास अशक्य ठरवणारी प्रचंड संख्या न्यायालयापुढे मांडली. मात्र १८६८ मधला निकाल वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला.

पर्स यांच्या गणितातही एक त्रुटी होती. त्यांनी प्रत्येक फराटा स्वतंत्र धरला, पण एक अक्षर मोठे झाले की शेजारची अक्षरेही मोठी होतात, आणि एकाच बैठकीत केलेल्या सह्या वेगवेगळ्या वर्षी केलेल्या सह्यांपेक्षा जास्त जुळतात. त्यामुळे ती संख्या मी जशीच्या तशी मानत नाही. एकाच माणसाच्या दोन सह्यांत थोडा फरक असतोच, ही मूळ गोष्ट मात्र ठाम आहे.

किती फरक चालेल, हे ठरवायला नमुने योग्य हवेत: शक्यतो त्याच काळातले, त्याच लिपीतले आणि तशाच पेनाने केलेले. गांधीजींच्या बाबतीत तर हात कोणता, हेही विचारावे लागते. १९०९ मध्ये ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात दुखू लागला, तेव्हा त्यांनी बरीच पाने डाव्या हाताने लिहिली होती. त्यांच्या डाव्या हाताचे अक्षर उजव्या हाताच्या नमुन्यांशी ताडून पाहणारा परीक्षक खरा कागदही खोटा ठरवील.

त्या कुटुंबाला मी लेखी कळवले की पत्रावरची सही गिरवलेली आहे, आणि छायाचित्र ही खऱ्या सहीच्या प्रतीची नंतर काढलेली प्रत आहे. सही कोणी गिरवली आणि कधी, याबद्दल मी काही लिहिले नाही, कारण त्यांपैकी काहीही त्या कागदावरून वाचता येत नव्हते.