वितरण साखळी : कंपनीपासून किराणा दुकानापर्यंत

साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, चहा, तेलाच्या बाटल्या असा रोजच्या वापराचा बंद पाकिटातला माल कारखान्यातून गल्लीतल्या किराणा दुकानात पोचवणारी भारतातली व्यापारी व्यवस्था. कारखान्याचा माल आधी कंपनीच्या डेपोत किंवा सी अँड एफ एजंटाच्या गोदामात येतो. तिथून तो वितरकाकडे (डिस्ट्रिब्युटरकडे) जातो आणि वितरक तो दुकानदाराला पुरवतो. औषधांच्या धंद्यात याच वितरकाला स्टॉकिस्ट म्हणतात. खेडोपाडी एक पायरी वाढते: जिल्ह्याच्या ठिकाणचा सुपर स्टॉकिस्ट लहान गावांतल्या सब-स्टॉकिस्टना माल देतो आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची दुकानं ते सांभाळतात.

या पायऱ्या कागदावर सारख्याच दिसतात, पण त्यांच्यात मूळचा फरक आहे. सी अँड एफ एजंटाच्या गोदामातला माल कंपनीच्या मालकीचा असतो. एजंट तो उतरवतो, रचतो, रवाना करतो आणि त्याबद्दल ठरलेलं कमिशन घेतो. वितरक मात्र माल विकत घेतो. कंपनीने त्याच्या नावे बिल फाडलं की तो माल, त्यात अडकलेला पैसा आणि पुढे बाजारात जाणारी उधारी, सगळं त्याच्या डोक्यावर येतं. जोखीम खऱ्या अर्थाने वितरकापाशी सुरू होते, म्हणून या नोंदीत त्याचाच हिशेब सविस्तर दिला आहे.

किमतीची गणितं या साखळीत उलटी मांडली जातात, म्हणजे दुकानापासून कारखान्याकडे. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत (एमआरपी) छापणं बंधनकारक आहे. ती सर्व करांसह असते आणि तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. वरचं टोक असं बांधलेलं असल्याने प्रत्येकाचा वाटा त्याच्या आतच बसवावा लागतो. समजा, साबणाच्या एका पॅकची एमआरपी 105 रुपये आहे आणि त्यावर 5 टक्के जीएसटी आहे. कर वगळला की उरले 100. दुकानदाराला खरेदीवर 10 टक्के द्यायचे ठरले असतील तर त्याचा खरेदी भाव 90.91 रुपये होतो. वितरकाला त्याच्या खरेदीवर 5 टक्के मिळायचे असतील तर कंपनीचा त्याला भाव 86.58. त्या पॅकवर दुकानदाराला 9 रुपये 9 पैसे आणि वितरकाला 4 रुपये 33 पैसे सुटतात.

इथे एक गोष्ट नव्या माणसाच्या हमखास नजरेतून सुटते. ‘10 टक्के’ हे खरेदीवर की विक्रीवर, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. हेच 10 टक्के विक्रीवर धरले तर दुकानदाराला 9.09 ऐवजी पूर्ण 10 रुपये मिळतात. पॅकमागे 91 पैशांचा फरक किरकोळ वाटतो, पण वितरकाचा सगळा गाळा सव्वाचार रुपयांचा आहे हे लक्षात घेतलं की तो किती मोठा आहे ते कळतं. एजन्सी घेताना मार्जिन कशावर मोजलं आहे हे लेखी घ्यावं.

माल दुकानात कसा पोचतो, ते आता पाहू. वितरकाच्या हद्दीतली दुकानं बीटमध्ये वाटलेली असतात. एक बीट म्हणजे सेल्समन एका दिवसात पायी किंवा दुचाकीवर करू शकेल एवढी, साधारण 30 ते 50 दुकानं. सोमवारची दुकानं सोमवारीच, मंगळवारची मंगळवारीच. सेल्समन ऑर्डर मोबाइलवर नोंदवतो, संध्याकाळी वितरकाकडे बिलं निघतात आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो माल टाकून येतो. आठवड्याचा हा फेरा चुकला की शेजारच्या ब्रँडचा माल त्या फळीवर बसतो. हा फेराच उधारीचंही घड्याळ आहे. बहुतेक ठिकाणी ‘बिल टू बिल’ चालतं: मागच्या आठवड्याचं बिल चुकवायचं, मग नवा माल घ्यायचा. काउंटरवरचा संवाद ठरलेला असतो. “शेठ, मागचं बिल राहिलंय.” “अरे, आत्ताच दुसऱ्या पार्टीला दिले. माल टाकून जा, पुढच्या सोमवारी दोन्ही घेऊन जा.” टार्गेट डोक्यावर असलेला सेल्समन माल टाकून जातो, आणि सात दिवसांची उधारी चौदा दिवसांची होते.

यात दुकानदाराचीही अडचण खरी आहे. त्याच्याकडे गिऱ्हाइकांची वही असते आणि तिचे पैसे पगार झाला की येतात. कंपनी मात्र वितरकाकडून बहुतेक वेळा आगाऊ पैसे घेते, किंवा बँकेच्या चॅनल फायनान्समधून आपले पैसे लगेच उचलते आणि परतफेडीची मुदत वितरकावर ठेवते. वर रोखी आणि खाली उधारी, अशा दोन्ही बाजूंमध्ये वितरकाचं भांडवल दाबलं जातं. त्याची कमाई म्हणूनच टक्क्यांपेक्षा पैसा किती वेगाने फिरतो यावर ठरते.

हे एका उदाहरणाने पाहू. तालुक्याच्या गावातला एक वितरक महिन्याला 24 लाखांचा माल विकतो, म्हणजे रोजचे सरासरी 80 हजार. (आकडे समजण्यासाठी सोपे धरले आहेत.) त्याच्याकडे 15 दिवसांचा साठा आहे, त्यात 12 लाख अडकले. बाजारात 10 दिवसांची उधारी आहे, ते 8 लाख. कंपनीकडून स्कीमचे आणि खराब मालाचे यायचे आहेत 1 लाख. एकूण 21 लाख. विक्रीवर 5 टक्क्यांनी त्याला महिन्याला 1 लाख 20 हजार सुटतात. त्यातून सेल्समनचे पगार, टेम्पो, डिझेल, हमाल, गोदामाचं भाडं, हिशेबनीस असे 90 हजार जातात. उरले 30 हजार. वर्षाचे 3 लाख 60 हजार, म्हणजे 21 लाखांवर सुमारे 17 टक्के. स्वतः दिवसभर राबून एवढा परतावा बरा म्हणायचा, फार मोठा नव्हे.

आता दुसरं काहीही न बदलता उधारी 10 दिवसांवरून 20 दिवसांवर जाऊ द्या. बाजारात आणखी 8 लाख गुंतले, भांडवल 29 लाख झालं आणि परतावा साडेबारा टक्क्यांच्या आत आला. ते 8 लाख बँकेकडून 10 टक्क्यांनी आणले तर वर्षाला 80 हजार व्याज, म्हणजे जवळपास पावणेतीन महिन्यांचा नफा. विक्रीचा आकडा मात्र तेवढाच राहतो, म्हणून कंपनीच्या अहवालात ही घसरण दिसत नाही. बुडीत तर याहून वाईट. एखाद्या दुकानदाराने 20 हजार देणं ठेवून शटर ओढलं, तर सव्वा टक्का निव्वळ नफ्याने ते भरून काढायला 16 लाखांची विक्री लागते. म्हणजे वीस दिवसांची पूर्ण मेहनत. दुकानदाराचा चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 खाली कारवाई करता येते, पण वीस हजारांसाठी कोर्टाच्या तारखा करणं वितरकाला परवडत नाही. त्याचा खरा बंदोबस्त एकच: प्रत्येक दुकानाची उधारीची मर्यादा आधी ठरवणं, आणि दोन बिलं थकली की तिसरं न फाडणं.

उधारी बिघडते आहे हे ओळखायला एकूण येणं पाहून उपयोग नाही. येणं वयाप्रमाणे मांडावं लागतं: सात दिवसांच्या आतलं किती, पंधराच्या आतलं किती, महिन्यापुढचं किती. शेवटच्या रकान्यातली नावं दर आठवड्याला तीच दिसू लागली की ती दुकानं नव्या मालाने जुनं बिल फिरवत आहेत, एवढं समजावं.

पैसा अडकण्याचं दुसरं मोठं कारण वरून येतं. कंपनीने वितरकाला विकलेला माल ही प्रायमरी विक्री आणि वितरकाने दुकानांना विकलेला माल ही सेकंडरी. कंपनीच्या सेल्स ऑफिसरचं टार्गेट प्रायमरीवर मोजलं जात असेल, तर महिन्याच्या 28-29 तारखेला त्याचा फोन येतो आणि दहा दिवसांचा माल एकदम गोदामात उतरतो. यालाच डम्पिंग म्हणतात. वरच्या उदाहरणात साठा 15 दिवसांवरून 25 दिवसांवर गेला की आणखी 8 लाख अडकले, म्हणजे उधारी वाढल्याइतकंच नुकसान. मग माल मोकळा करायला वितरक आपल्याच मार्जिनमधला एखादा टक्का सोडून तो ठोक बाजारात देतो. ठोक व्यापारी तो स्वस्त माल शेजारच्या वितरकाच्या हद्दीत विकतो, आणि तिथला दुकानदार नेहमीच्या सेल्समनला म्हणतो, “तुझ्यापेक्षा बाजारात स्वस्त आहे.” भाव असा पडू लागला की त्याचा उगम बहुतेकदा कुणाच्या तरी महिनाअखेरच्या गोदामात सापडतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात प्रायमरीचा निम्म्याहून अधिक भाग पडत असेल, तर ती खूण पुरेशी आहे.

स्कीमचंही असंच. ‘12 वर 1 मोफत’ ही सवलत वितरक दुकानदाराला जागेवर देतो आणि कंपनीकडे नंतर क्लेम लावतो. कागद अपुरे, स्कीमची तारीख उलटलेली, अशी कारणं काढून क्लेम कापले किंवा लांबवले जातात. मुदत संपलेल्या मालाचंही तसंच: दुकानदार तो सेल्समनच्या हातात परत देतो, कंपनी मात्र परताव्याला मर्यादा घालते. मधला फरक वितरक सोसतो. क्लेमची स्वतंत्र वही ठेवणारे वितरक टिकतात, असा या धंद्यातल्या जुन्या लोकांचा अनुभव आहे.

गेल्या दशकात ऑनलाइन घाऊक कंपन्या आणि कॅश अँड कॅरी दुकानं याच दुकानदाराला थेट माल देऊ लागली. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही मोठ्या कंपन्यांच्या निवडक मालाचा पुरवठा रोखला होता. एकाच कंपनीचा माल नव्या घाऊक विक्रेत्यांकडून दुकानदाराला आपल्यापेक्षा स्वस्त मिळतो, ही त्यांची तक्रार होती. तक्रार रास्त होती. पाच टक्क्यांच्या गाळ्यात दुकानापर्यंत टेम्पो नेऊन वर उधारीही देणारा माणूस, मोठ्या खरेदीच्या सवलतीवर चालणाऱ्या भावाशी झुंजू शकत नाही. तरीही दुकानदाराने वितरकाला सोडलं नाही, कारण ऑनलाइनचा माल बहुतेक रोखीचा असतो आणि खराब निघालेलं पाकीट परत घ्यायला दर सोमवारी कुणी येत नाही.

एजन्सी सोडताना या सगळ्याचा निकाल लागतो. उरलेला साठा नवा वितरक उचलतो किंवा कंपनी परत घेते. जुने क्लेम मिटवून ना हरकत पत्रावर सह्या होतात, त्यात महिने जातात. बाजारातली उधारी मात्र कुणी विकत घेत नाही. नव्या वितरकाचा सेल्समन नवी बिलं घेऊन त्याच बीटवर फिरू लागतो, दुकानदार त्याला रोख देतो आणि जुना वितरक आपली थकलेली बिलं पिशवीत घेऊन, माल द्यायला काहीच हातात नसताना, एकेका दुकानाची पायरी चढतो.