डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी हौद, बॅरल आणि घागरी भरून ठेवलेल्या असतात. त्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात लेकराला ताप आला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "प्लेटलेट किती?" त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत: ताप कोणत्या दिवशी उतरला, आणि लघवी शेवटची कधी झाली?

डेंग्यूत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत उतरतो, आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पोटात आणि फुप्फुसांभोवती झिरपतो. ही गळती 24 ते 48 तास चालते. मूल शॉकमध्ये जातं, म्हणजे त्याचं रक्ताभिसरण कोलमडतं, ते बहुतेक वेळा या गळतीमुळे. प्लेटलेट कमी होतात त्याचं कारण वेगळं आहे: विषाणूमुळे अस्थिमज्जेत त्या कमी बनतात आणि रक्तातल्या लवकर नष्ट होतात.

गळती रिपोर्टमध्ये दिसते ती हिमॅटोक्रिटच्या आकड्यात. काही लॅब त्याला पीसीव्ही म्हणतात. रक्तात लाल पेशींचा वाटा किती, हे तो सांगतो. वरणातलं पाणी आटलं की वरण घट्ट होतं, तसं प्लाझ्मा गळाला की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो.

समजा, जुळे सोलापुरातली सात वर्षांची, 20 किलोची मुलगी आहे. सोमवारी ताप आला, बुधवारी डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट 1,10,000, हिमॅटोक्रिट 35. पोरगी खेळती आहे, पितेय, म्हणून डॉक्टरांनी घरी ठेवायला सांगितलं. तिला दिवसाला साधारण दीड लिटर पातळ पदार्थ लागतात, म्हणजे जागेपणी दर तासाला चहाचा एक छोटा कप, सुमारे 100 मिली. तोही एकदम पाजायचा नाही; घोटघोट दिला की उलटी होत नाही. ओआरएस (पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात), ताक, भाताची पेज, वरणाचं पाणी चालतं. नुसतं साधं पाणीच पाजत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरू शकतं. बीटाचा रस किंवा लाल सरबत नको. नंतर उलटीत दिसलं ते रक्त की रंग, हे कळत नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात, सहा तासांच्या अंतराने. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड आणि ॲस्पिरिन देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पपईच्या पानांचा कडू रस पाजून उलट्या झाल्या, तर आजाराची खूण कोणती आणि रसाचा परिणाम कोणता, हेच ओळखता येत नाही.

गुरुवारी रात्री ताप उतरला. घरचे निश्चिंत झोपले. शुक्रवारी सकाळी पोट दुखतंय, तीन उलट्या झाल्या, पोरगी मलूल आहे, तळहात गार आहेत आणि रात्रीपासून लघवी नाही. यातलं एकही लक्षण असेल तर सकाळच्या रिपोर्टची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शी, उगाच चिडचिड किंवा धाप दिसली तरी तेच. घरी एक गोष्ट बघता येते: बोटाचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही, तर रक्ताभिसरण मंदावलेलं असू शकतं. मात्र रंग लगेच परतला म्हणून बाकीच्या खुणांकडे दुर्लक्ष करू नका.

दवाखान्यात प्लेटलेट 62,000 आल्या आणि घरचे हादरले. डॉक्टरांचं लक्ष मात्र हिमॅटोक्रिटवर गेलं: 35 वरून 43, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त वाढ. शिरेतून सलाईन सुरू झालं, आणि नाडी, रक्तदाब, लघवी बघत काही तासांनी त्याचा वेग कमी-जास्त होत राहिला. शनिवारी रात्री प्लेटलेट 38,000 पर्यंत घसरल्या. मामा प्लेटलेटची पिशवी शोधायला निघाले. पण तेव्हा हिमॅटोक्रिट 36 वर आलं होतं, हातपाय गरम होते, लघवी मोकळी होत होती, रक्तस्राव कुठेच नव्हता. म्हणजे पोरगी सुधारत होती. रक्तस्राव नसताना नुसत्या कमी आकड्यासाठी सहसा प्लेटलेट चढवत नाहीत. चढवल्याने गळती थांबत नाही, उलट ॲलर्जी आणि जादा पाण्याचा भार येऊ शकतो.

आणि याच वेळी डॉक्टर सलाईन कमी करून बंद करतात. "आकडा अजून खाली आहे, चालू ठेवा," असा आग्रह धरू नका. गळालेलं पाणी आता आपणहून रक्तात परतत असतं. त्यात वरून आणखी भर पडली तर फुप्फुसांत पाणी साठून धाप लागते. रविवारी तिने भाकरी मागितली आणि प्लेटलेट चढू लागल्या. पायांवर लाल पुरळ उठलं, मधे मधे पांढरे ठिपके, तळव्यांना खाज. ते बघून घरचे पुन्हा घाबरतात, पण असं पुरळ बरं होतानाच उठतं.