ऑर्डर, चलन, बीजक, पावती: चार कागदांची पार्श्वभूमी

मराठी व्यवहारात ‘पोचपावती’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षातही येत नाही. पोच मालाची असते आणि पावती पैशाची. माल ठिकाणी पोचला हे गोदामातला माणूस सांगतो, तर रक्कम पावली हे विकणाऱ्याचा खजिनदार सांगतो. विक्रीच्या कागदांची साखळी याच भेदावर उभी आहे. काय ठरले हे ऑर्डर सांगते, काय पोचले हे डिलिव्हरी चलन सांगते, किती देणे झाले हे बीजक म्हणजे आजचे इनव्हॉइस सांगते, आणि किती मिळाले हे पावती सांगते. या चारही प्रश्नांची उत्तरे देणारी माणसे वेगळी असतात, म्हणूनच कागद चार आहेत. यांतला एक कागद दुसऱ्याचे काम करू लागला की हिशेब बिघडतो, आणि गेल्या काही दशकांत आपल्याकडे नेमके तेच झाले आहे, असे माझे मत आहे.

कायद्याच्या दृष्टीने साखळीची सुरुवात १९३० च्या वस्तू विक्री अधिनियमापासून होते. तो अधिनियम ‘विक्री’ आणि ‘विक्रीचा करार’ यांत फरक करतो. मालकी लगेच खरेदीदाराकडे जात असेल तर ती विक्री, आणि ती पुढे कधी किंवा काही अट पूर्ण झाल्यावर जाणार असेल तर तो विक्रीचा करार. ऑर्डर ही बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात मोडते, त्यामुळे ऑर्डर आली म्हणून वहीत विक्री लिहायची नसते. याच अधिनियमाच्या कलम ५ नुसार करार तोंडीही होऊ शकतो. पेठेतला व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर चालला आणि आज तो फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, याला कायद्याची आडकाठी नाही. अडचण येते ती पुराव्याची. ऑर्डरमध्ये माल कोणत्या प्रतीचा किंवा कोणत्या ड्रॉइंगप्रमाणे, नग किती, दर काय, कर दरात धरलेला की वेगळा, पोचवण्याची जागा व मुदत कोणती आणि उधारीचे दिवस किती, एवढे लिहिलेले असले की पुढच्या तिन्ही कागदांना मापायला एक पट्टी मिळते.

बीजक हा मुळात पैशाच्या मागणीचा कागद होता. त्याचे स्वरूप बदलले ते करांमुळे. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये विक्रीकर आला, आणि विक्रीचा कागद सरकारी तपासणीचाही कागद बनला. कारखान्यांत उत्पादन शुल्काची वेगळी शिस्त होती. माल दरवाजाबाहेर काढायचा तर शुल्काचा गेटपास लागत असे, आणि व्यापारी बिल त्याच्यापासून स्वतंत्र असे. १९९४ मध्ये हा गेटपास गेला आणि कारखानदाराच्या इनव्हॉइसलाच त्याची जागा मिळाली. माल बाहेर पडल्याचा पुरावा आणि पैशाची मागणी अशी दोन कामे एका कागदावर आली. पुढे १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर लागू झाला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. या पद्धतीत खरेदीदाराला भरलेल्या कराची वजावट बीजकावरून मिळते. बीजक आता विकणाऱ्याच्या मागणीपत्राबरोबरच खरेदीदाराचा सरकारकडचा दावाही ठरले. साहजिकच सगळ्यांचे लक्ष त्या एका कागदावर एकवटले, त्याचे रकाने नियमांनी काटेकोर ठरवले, आणि ऑर्डर व चलन हे कागद लहान उद्योगांत हळूहळू दुर्लक्षित झाले.

जीएसटीच्या नियम ४६ ने बीजकाचा मजकूर ठरवला आहे: दोघांचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक, वर्षभरात पुन्हा न येणारा जास्तीत जास्त सोळा चिन्हांचा अनुक्रमांक, तारीख, मालाचा वर्ग दाखवणारा एचएसएन संकेतांक, नग, करपात्र मूल्य, कराचा दर आणि रक्कम. त्यात एक गोष्ट नाही, आणि ती जाणीवपूर्वक पाहायला हवी. माल खरेदीदाराच्या हाती कोणत्या दिवशी, किती आणि कशा अवस्थेत पडला, हे बीजक सांगत नाही. सांगू शकणारही नाही, कारण कलम ३१ प्रमाणे ज्या विक्रीत माल हलवायचा असतो तिचे बीजक माल बाहेर काढताना किंवा त्याआधी तयार व्हावे लागते. ट्रक सुटण्यापूर्वी लिहिलेल्या कागदावर ट्रक पोचल्यानंतरची गोष्ट कशी असेल?

ती गोष्ट चलनाची आहे. जीएसटीने कर-बीजकाशिवाय चलनावर माल पाठवण्याची मुभा नियम ५५ मध्ये ठरावीक प्रसंगांपुरती ठेवली आहे. जॉबवर्कसाठी म्हणजे दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेण्यासाठी माल पाठवताना, पुरवठ्याखेरीज अन्य कारणाने माल हलवताना किंवा निघताना परिमाण ठरवता येत नसलेल्या द्रवरूप वायूसारख्या मालासाठी चलन चालते. ‘महिनाभर चलनावर माल द्या, महिन्याच्या शेवटी एकच बिल करू’ ही औद्योगिक वसाहतींत सर्रास दिसणारी पद्धत त्यात सहसा बसत नाही. पण याचा अर्थ बीजक केले की चलनाची गरज संपली, असा मुळीच नाही. बीजकासोबत अंतर्गत चलन पाठवायला कोणताही नियम मनाई करत नाही, आणि माझ्या मते ते पाठवलेच पाहिजे. त्यावर ऑर्डरचा व बीजकाचा क्रमांक, वाहनाचा क्रमांक आणि पाठवलेले नग असावेत. त्याखाली पोचलेले नग, नाकारलेले नग, नाकारण्याचे कारण, तारीख, आणि घेणाऱ्याचे नाव, सही व शिक्का यांसाठी मोकळी जागा हवी. दर लिहिण्याची गरज नाही. गोदामातल्या माणसाने दर पाहून नव्हे, तर नग मोजून सही करायची असते.

हे सगळे एका उदाहरणात पाहू. भोसरीतल्या एका लहान कारखान्याला ५०० लोखंडी ब्रॅकेटची ऑर्डर मिळाली, दर १८० रुपये, कर वेगळा १८ टक्के. ऑर्डरबरोबर २०,००० रुपये आगाऊ आले. येथे लगेच पावती हवी, आणि तिच्यावर ‘आगाऊ’ हा शब्द आणि ऑर्डरचा क्रमांक हवा. वस्तूंच्या आगाऊ रकमेवर जीएसटी भरण्याची गरज सर्वसाधारण करदात्याला नोव्हेंबर २०१७ पासून राहिलेली नाही. पण म्हणून ती रक्कम विक्री ठरत नाही, ती माल देईपर्यंत आपले देणेच असते.

पहिल्या खेपेत ३०० नग गेले. बीजक ५४,००० रुपयांचे, त्यावर केंद्राचा ४,८६० आणि राज्याचा ४,८६० कर, एकूण ६३,७२०. खरेदीदाराच्या गोदामात दहा नगांच्या वेल्डिंगला तडे दिसले आणि चलनावर ‘पोचले ३००, नाकारले १०, वेल्डिंगला तडा’ असे लिहून सही झाली. ही एक ओळ पुढची सगळी वाट सोपी करते. तिच्या आधारे १,८०० रुपये अधिक ३२४ रुपये कर, अशी २,१२४ रुपयांची क्रेडिट नोट, म्हणजे बीजकाची रक्कम तेवढी कमी केल्याचा कागद, निघतो. मूळ बीजकावर खाडाखोड करायची नसते, कारण तोच कागद खरेदीदाराच्या वजावटीत गेलेला असतो. खेपेचे देणे ६१,५९६ उरले आणि आगाऊ रक्कम वळती करून ४१,५९६. ऑर्डरच्या नोंदीत मात्र एक निर्णय लिहावाच लागतो: हे दहा नग बदलून द्यायचे की ऑर्डरमधून कमी करायचे? येथे ते कमी करण्याचे ठरले, म्हणून बाकी २०० नग. हा निर्णय लिहिला नसता तर एकाच्या वहीत २०० आणि दुसऱ्याच्या वहीत २१० नग बाकी दिसले असते, आणि सहा महिन्यांनी त्यावर वाद घालताना दोघेही प्रामाणिक असते.

दुसरी खेप २०० नगांची, बीजक करासह ४२,४८० रुपयांचे. आता एकूण येणे ८४,०७६. काही दिवसांनी बँकेत ५०,००० रुपये जमा झाले, कशापोटी ते काही कळवलेले नव्हते. पावतीचा खरा प्रश्न इथे आहे. १८७२ च्या करार अधिनियमाची कलमे ५९ ते ६१ याविषयी स्पष्ट आहेत. देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी रक्कम दिली हे सांगितले, किंवा परिस्थितीवरून ते उघड होत असले, आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली, तर ती त्याच देण्यापोटी धरावी लागते. त्याने काही सांगितले नाही तर घेणारा आपल्या मर्जीने ठरवू शकतो. दोघांनीही काही ठरवले नाही तर जुन्या देण्यापासून क्रमाने ती फिटते. त्या क्रमाने पहिले बीजक पूर्ण फिटून दुसऱ्याचे ३४,०७६ रुपये उरतात. रक्कम दुसऱ्या बीजकाकडे धरली तर तेवढेच ३४,०७६ रुपये पहिल्या बीजकाचे उरतात. बेरीज तीच, पण थकलेले बीजक वेगळे, म्हणजे थकबाकीचे वयही वेगळे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पावती नोंदवताना `Agst Ref`, `Advance`, `On Account` असे पर्याय विचारले जातात, ते नेमके हेच विचारत असतात: रक्कम ठरावीक बीजकापोटी, आगाऊ, की नुसती खात्यावर? घाईने प्रत्येक वेळी `On Account` निवडणाऱ्या वहीत वर्षाअखेर एकूण बाकी बरोबर असते, पण कोणते बीजक थकले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पावतीवर रक्कम, तारीख, चेकचा किंवा बँकेतून पैसे पाठवल्याचा यूटीआर क्रमांक यांबरोबर बीजकाचा क्रमांक आणि त्यापोटी धरलेली रक्कम लिहावी, आणि तिची प्रत देणाऱ्याला पाठवावी.

थकबाकीचे वय मोजायची सुरुवात कुठून होते, हे पाहिले की चलन पुन्हा समोर येते. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे माल दिल्याच्या तारखेपासून चालू होते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या अधिनियमात देय मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली जाते, आणि लेखी करार असला तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. भोसरीच्या कारखान्याकडे बीजकाची तारीख छापील होती. पण पहिल्या खेपेच्या चलनावर घेणाऱ्याने सहीखाली तारीख टाकली नसती, तर हे पंधरा दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे हे त्याला दाखवता आले नसते.