कोच किंवा ट्रेनरच्या नोकरीचा अर्ज : खेळाडूची प्रगती आणि सुरक्षित सराव कागदावर कसा दाखवावा

(अर्ज, बायोडेटा आणि ऑनलाइन फॉर्मसाठी आमच्याकडे येणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्रशिक्षकांसाठी)

शाळा, आश्रमशाळा, अ‍ॅकॅडमी किंवा जिममधल्या जागेसाठी अर्ज करायला येणारे बहुतेक प्रशिक्षक सोबत जाडजूड फाइल आणतात. तीत पदकं घातलेल्या मुलांचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि सत्काराची प्रमाणपत्रं असतात. हे सगळं आम्ही स्कॅन करून जोडतोच. पण निवड समितीत खेळ जाणणारा एक जरी माणूस बसलेला असला, तर त्याचा प्रश्न वेगळा असतो : हे पोर तुमच्याकडे आलं तेव्हा कसं होतं, तुम्ही त्याच्याकडून काय करून घेतलं आणि ते करताना त्याला काही इजा झाली का? फोटोतून याचं उत्तर मिळत नाही. म्हणून आमचा आग्रह असतो की फाइलच्या वरच एका खेळाडूचं एक पान लावा. निकाल आणि सराव दोन्ही त्याच पानावर असू द्या.

खाली अशा पानाचा नमुना समजावून सांगितला आहे. यातली मुलगी आणि तिचे आकडे कल्पित आहेत. मांडणी मात्र तशीच घ्यायला हरकत नाही.

आधी मैदान मोजा

समजा खेळाडू 15 वर्षांची मुलगी आहे आणि 800 मीटर धावते. जुलैमध्ये सुरुवातीच्या चाचणीत 2 मिनिटं 58 सेकंद लागले. चार दिवसांनी पुन्हा पळवलं तर 2:56. नमुन्यात या दोन्ही वेळा लिहिल्या आहेत, आणि त्याला कारण आहे. चार दिवसांत कोणी सुधारत नाही. हा दोन सेकंदांचा फरक वारा, झोप आणि स्टॉपवॉचवरच्या अंगठ्याचा आहे. त्यामुळे पुढे कधी दोन-तीन सेकंदांचा फरक दिसला, तर त्याला प्रगती म्हणू नका. ‘आमनी पोर भारी पयस’ हे मनात असू द्या, कागदावर आकडाच बोलला पाहिजे.

दुसरी गोष्ट मैदानाची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चुन्याने आखलेली 200 मीटरची फेरी असते, आणि ती खरंच 200 आहे का हे सहसा कोणी पाहत नाही. टेप घेऊन आतल्या रेषेपासून 20 सेंटिमीटर बाहेरून मोजा, कारण खेळाडू रेषेवरून नाही तर तिच्या थोडं बाहेरून पळतो. फेरी 196 मीटर भरली, तर चार फेऱ्यांत 16 मीटर कमी पडतात. या मुलीच्या वेगाने ते साडेतीन सेकंद होतात. जुलैची चाचणी तालुक्याच्या मैदानावर आणि जानेवारीची शाळेच्या आखूड फेरीवर घेतली असेल, तर काही न शिकवताही ती ‘सुधारलेली’ दिसेल. म्हणून प्रत्येक वेळेच्या शेजारी मैदान, दिवसाची वेळ, आणि वेळ हाताने घेतली की इलेक्ट्रॉनिक यंत्राने, हे लिहा. शंभर मीटरला तर हे फारच महत्त्वाचं आहे. हाताने घेतलेली वेळ यंत्रापेक्षा साधारण पाव सेकंदाने चांगली दिसते, आणि शंभर मीटरमध्ये पाव सेकंद म्हणजे पदकाचा फरक.

वेळेच्या खाली उंची लिहा. या वयातली मुलं वाढीमुळेही वेगवान होतात, आणि ते श्रेय प्रशिक्षकाने घेऊ नये. नमुन्यातली मुलगी सहा महिन्यांत 152 वरून 154 सेंटिमीटर झाली, म्हणजे वाढीचा वाटा फार मोठा नसावा. एखादा मुलगा सहा महिन्यांत पाच-सहा सेंटिमीटर वाढला असेल तर तेही सरळ लिहा. अशा काळात गुडघ्याखाली, हाडाच्या उंचवट्यावर दुखायला लागतं, तेव्हा उड्या आणि चढाच्या धावा कमी कराव्या लागतात. हे तुम्हाला ठाऊक आहे, एवढं त्या एका नोंदीतून समितीला कळतं.

बिघडलेला महिना लपवू नका

पानाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि बहुतेक जण नेमका हाच खोडायला सांगतात.

सराव किती झाला हे मोजण्याची एक सोपी पद्धत जगभर वापरली जाते. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं की आज किती जड गेलं, शून्य ते दहामध्ये सांग. त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. 50 मिनिटं आणि 7 सांगितलं, तर त्या दिवसाचा भार 350. सात दिवसांची बेरीज झाली आठवड्याचा भार. वही आणि पेन पुरतं, घड्याळ-बिड्याळ काही लागत नाही.

आपल्या नमुन्यात सप्टेंबरमध्ये आठवड्याचा भार 1200 च्या आसपास होता आणि चाचणीत 2:51 आले. मग जिल्हा स्पर्धा जवळ आली, प्रशिक्षकाने संध्याकाळचा सरावही सुरू केला आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भार 1250 वरून थेट 1850 वर गेला, जवळजवळ दीडपट. पुढच्याच आठवड्यात मुलीने नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं असं सांगितलं. आधी फक्त वॉर्मअपला दुखायचं, मग पळताना थांबायचं.

इथे प्रशिक्षकाने काय केलं ते दोन ओळींत लिहा. बोटाने दाबून पाहिलं तेव्हा दुखणं दोन्ही पायांना आणि वीतभर पट्ट्यात होतं. त्यावरून ते ओढीचं दुखणं वाटलं, तरी डॉक्टरांना दाखवलं. तेच दुखणं एका बोटाएवढ्या ठिकाणी, रात्री झोपेतही आणि नुसतं चालतानाही असतं, तर हाडाला बारीक तडा असण्याची शंका धरून पळणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं. नमुन्यात धावणं दहा दिवस थांबवलं, त्या काळात रोज अर्धा तास सायकल. चालताना दुखत नाही, मग एका पायावर वीस उड्या मारल्या तरी दुखत नाही, हे पाहून एक दिवसाआड दहा मिनिटं हलकं पळणं सुरू केलं. नोव्हेंबरच्या चाचणीत 2:53, म्हणजे सप्टेंबरच्या तुलनेत सुधारणा दिसत नाही. जानेवारीत दोन चाचण्या, 2:47 आणि 2:45.

जुलैची सरासरी 2:57, जानेवारीची 2:46. अकरा सेकंद, म्हणजे चाचणीतल्या नेहमीच्या चढउतारापेक्षा बरंच जास्त. मध्ये नोव्हेंबरचा खड्डा आहे, त्याचं कारण शेजारीच लिहिलंय, आणि त्यानंतर भार एका आठवड्यात किती वाढवायचा याची मर्यादा प्रशिक्षकाने ठरवली तेही लिहिलंय. ‘माझ्याकडे आजवर एकही दुखापत झाली नाही’ या वाक्यावर अनुभवी परीक्षकाचा विश्वास बसत नाही. पाच वर्षं मुलं पळवली आणि कोणाचं काही दुखलंच नाही, याचा अर्थ एवढाच होतो की नोंद ठेवली नव्हती.

उन्हाळ्याची नोंद

पुण्या-नाशिकच्या प्रशिक्षकाला हा मुद्दा दोन ओळींत संपवता येईल, आपल्याला नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तेव्हाही पळत असतात, कारण पुरुषांची 1600 मीटर धाव असो वा महिलांची 800, तिला 20 गुण आहेत.

‘उन्हाळ्यात योग्य काळजी घेतो’ असं लिहिण्यापेक्षा काय करता ते लिहा. सराव किती वाजता संपतो? सुट्टीवरून आलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून पूर्ण सराव देता, की दहा ते चौदा दिवसांत हळूहळू वाढवता? उन्हाची सवय शरीराला व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात. लांब सरावाच्या दिवशी आधी आणि नंतर वजन घेता का? 60 किलोच्या मुलाचं वजन सव्वा किलोने उतरलं, तर तो दोन टक्क्यांच्या पुढे गेला, पाणी कमी पडतंय. वजन उलट वाढलं असेल, तर गरजेपेक्षा जास्त पाणी पितोय आणि तेही घातक आहे.

एक ओळ उष्माघाताच्या तयारीची हवीच. पळता पळता मुलगा झोकांड्या खायला लागला, विचारलं तर भलतंच बोलला, तर गाडीची वाट पाहत सावलीत बसवून ठेवायचं नाही. 108 ला फोन लावता लावताच त्याला थंड पाण्यात बसवायचं. टाकी नसेल तर अंगभर पाणी ओतत, ओल्या चादरी बदलत वारा घालायचा. आधी गार करायचं, मग हलवायचं. मैदानावर पाण्याची टाकी किंवा मोठा टब ठेवत असाल तर तो अर्जात लिहा आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असेल तर त्याची मुदतही.

जिमच्या ट्रेनरसाठी थोडक्यात

आधीचा आणि नंतरचा फोटो पुरावा म्हणून कच्चा असतो. प्रकाश बदलला, पोट आत ओढलं की दोन मिनिटांत फरक पडतो. त्याऐवजी सकाळी उपाशीपोटी घेतलेलं कमरेचं माप आणि पाच वेळा नीट उचलता येणारं वजन, असं दर महिन्याला लिहा. पहिल्या दिवशी छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब, चालू औषधं यांची विचारणा करून फॉर्म भरून घेत असाल तर कोरा फॉर्म जोडा, भरलेला नको.

काय जोडू नये

खेळाडूचं नाव, फोटो, शाळा, जन्मतारीख या पानावर नको. ‘खेळाडू क, मुलगी, 15 वर्षं’ एवढं पुरे. अठरा वर्षांखालच्या मुलांचा फोटो लावायचाच असेल तर पालकांची लेखी संमती आणा, नाहीतर आम्ही तो जोडणार नाही. औषधं, मासिक पाळी, आजारपण याची नोंद तुमच्या वहीत राहू द्या, ती अर्जात येता कामा नये.

‘माझी आठ मुलं भरती झाली’ असं लिहिताना किती मुलं आली होती आणि किती मध्येच सोडून गेली तेही लिहा. चाळिसातली आठ आणि दहातली आठ यात फरक आहे, आणि मुलाखतीत तो विचारलाच जातो.

येताना सरावाची मूळ वही आणा, फाटकी असली तरी चालेल, मोबाइलमधले सुटे मेसेज असले तरी चालतील. त्यातून पान आम्ही तयार करून देतो. आकडा मात्र वहीत असेल तोच टाइप करतो. स्पर्धेच्या प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती स्कॅन करून लगेच परत मिळतात. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका, तेव्हा सर्व्हर आणि आम्ही दोघंही दमलेले असतो.